पीएलएल स्वतः बांधा: ४०४६ वर लूप फिल्टर निवडणं आणि कॅप्चर रेंज मोजणं

फेज लॉक्ड लूप, म्हणजे पीएलएल, पहिल्यांदा बांधणाऱ्यांना बहुतेक वेळा एकच गोष्ट कोड्यात टाकते. सर्किट चालू असतं, लूप लॉक झालेला असतो. इनपुटची फ्रीक्वेन्सी हळूहळू फिरवली, तर तो दोन-तीन किलोहर्ट्झपर्यंत मागोमाग येतो. मग तिथेच सप्लाय बंद करून पुन्हा चालू केला की तोच लूप त्याच फ्रीक्वेन्सीला लॉक व्हायला नकार देतो. एकही पार्ट बिघडलेला नसतो. धरून ठेवण्याची मर्यादा वेगळी आणि पकडण्याची वेगळी, एवढंच त्यामागचं कारण. पहिली लॉक रेंज, दुसरी कॅप्चर रेंज. या दोहोंत फरक किती राहील, हे बऱ्याच अंशी लूप फिल्टरमधले दोन रेझिस्टर आणि एक कपॅसिटर ठरवतात. हा लेख त्या तीन पार्टांच्या निवडीबद्दल आहे.

उदाहरणासाठी ४०४६ ही सीमॉस चिप घेऊ. ती स्वस्त आहे, ब्रेडबोर्डवर बसते आणि लूपचा प्रत्येक भाग तिच्या पिनांवर उघडा मिळतो, त्यामुळे शिकण्यासाठी मला तिच्याइतकी सोयीची दुसरी चिप दिसत नाही. सप्लाय १० व्होल्ट ठेवू आणि मधली फ्रीक्वेन्सी १० किलोहर्ट्झ. ऑसिलोस्कोप आणि फंक्शन जनरेटर लागेल. जनरेटरला एफएमची सोय असेल तर उत्तम.

आधी लूपमध्ये काय फिरतं ते

लूपचे भाग तीन. व्हीसीओ हा व्होल्टेजवर चालणारा ऑसिलेटर आहे. पिन ९ वर जितकं व्होल्टेज द्याल त्या प्रमाणात त्याची फ्रीक्वेन्सी ठरते. फेज डिटेक्टर इनपुट आणि व्हीसीओ यांच्या लाटा शेजारी ठेवून एक दुसरीपेक्षा किती पुढे किंवा मागे आहे ते सांगतो. लूप फिल्टर डिटेक्टरच्या धडधडत्या पल्सेसमधून सरासरी काढतो आणि ती पिन ९ ला देतो.

भजनातला टाळकरी मृदंगाच्या लयीला असाच धरून असतो. लय मिनिटाला किती मात्रांची आहे ते तो मोजत नाही. आपला टाळ ठोक्याच्या आधी पडतो की नंतर, एवढंच ऐकतो आणि हात किंचित सावरतो. पीएलएललाही इनपुटची फ्रीक्वेन्सी थेट कधीच कळत नाही, कळतो तो फक्त फेजमधला फरक. पुढचं सगळं वागणं यातूनच निघतं.

पायरी १: जोडणी

पिन १६ ला १० व्होल्ट, पिन ८ ग्राउंड. या दोन पिनांना अगदी चिकटून १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा. पिन ५ ग्राउंडला जोडा, कारण ती वर राहिली तर व्हीसीओ बंद राहतो. पिन ६ आणि ७ मध्ये C1. पिन ११ पासून ग्राउंडला R1, पिन १२ पासून ग्राउंडला R2. व्हीसीओचं आउटपुट पिन ४ वर निघतं. ते पिन ३ ला जोडा, म्हणजे लूप बंद होतो. इनपुट पिन १४ वर, मध्ये १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर ठेवून द्या. पिन १४ स्वतःला मधल्या व्होल्टेजवर धरून ठेवते, म्हणून जनरेटरचा पाच व्होल्टचा चौकोनी सिग्नलही चालतो.

या चिपमध्ये दोन फेज डिटेक्टर आहेत. पहिला म्हणजे साधं एक्सॉर गेट, आउटपुट पिन २ वर. दुसरा कडांवर चालतो, आउटपुट पिन १३ वर. सुरुवात एक्सॉरने करा. कॅप्चर रेंज म्हणजे काय, हे त्याच्यावरच नीट दिसतं. फिल्टर अजून लावू नका.

R1, R2 आणि C1 यांच्यासाठी डेटाशीटमधली ढोबळ सूत्रं अशी:

```
fmin = 1 / (R2 × (C1 + 32 pF))
fmax = fmin + 1 / (R1 × (C1 + 32 pF))
```

C1 एक नॅनोफॅरड, R1 शंभर किलोओम आणि R2 दीडशे किलोओम घेतले तर खालचं टोक सुमारे ६.५ किलोहर्ट्झ आणि वरचं सुमारे १६ किलोहर्ट्झ येतं. या आकड्यांवर विसंबू नका. याच चिपच्या मोटोरोलाच्या डेटाशीटमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे, की सूत्रातून आलेल्या किमती चौपटीपर्यंत चुकू शकतात. म्हणून पुढची पायरी वगळता येत नाही.

पायरी २: व्हीसीओ एकटा मोजा

दहा किलोओमच्या पॉटची दोन टोकं सप्लाय आणि ग्राउंडला जोडा, मधली पिन ९ ला. आता पिन ९ वर एकेक व्होल्ट वाढवत पिन ४ ची फ्रीक्वेन्सी लिहून घ्या. समजा, तुमच्या चिपवर असं आलं: १ व्होल्टला ६ किलोहर्ट्झ, ५ ला १०, ८ ला १३ आणि १० ला १५. एका व्होल्टच्या खाली फ्रीक्वेन्सी ६ वरच बसून राहते. तिथे आतला ट्रान्झिस्टर चालूच होत नाही.

या तक्त्यातून दोन गोष्टी हाती आल्या. एक, चढ: दर व्होल्टला १ किलोहर्ट्झ. दोन, व्हीसीओची टोकं: ६ आणि १५ किलोहर्ट्झ. लूप कितीही चांगला बांधला तरी या टोकांच्या बाहेरची फ्रीक्वेन्सी तो धरू शकत नाही. म्हणजे लॉक रेंजची कमाल मर्यादा फिल्टर लावण्याआधीच कळली. तुमचे आकडे वेगळे येतील. पुढची गणितं स्वतःच्या आकड्यांनी करा.

मधली फ्रीक्वेन्सी १० पासून फार दूर असेल तर आत्ताच R1 आणि R2 बदला. नंतर बदललात तर चढ बदलेल आणि फिल्टरचं सगळं गणित पुन्हा करावं लागेल.

पायरी ३: लूपचा गेन काढा

एक्सॉरची दोन्ही इनपुटं सारखी असली तर आउटपुट शून्य, वेगळी असली तर सप्लायइतकं. दोन चौकोनी लाटा एकाच फेजमध्ये असतील तर सरासरी ० व्होल्ट. बरोबर उलट असतील, म्हणजे १८० अंशांचा फरक, तर १० व्होल्ट. ९० अंशांवर बरोबर ५. दर १८ अंशांना एक व्होल्ट.

व्हीसीओला १० किलोहर्ट्झसाठी ५ व्होल्ट लागतात, म्हणून इनपुट १० किलोहर्ट्झ असताना लॉक झालेल्या लूपमध्ये दोन लाटा ९० अंशांनी सरकलेल्या दिसतील. इनपुट ११ किलोहर्ट्झ केलं तर पिन ९ वर ६ व्होल्ट हवेत, आणि ते फेज १०८ अंश झाल्यावरच मिळतात. इथे घटकाभर थांबा. फ्रीक्वेन्सी तंतोतंत जुळते, एका हर्ट्झचाही फरक उरत नाही. पण फेज मात्र सरकलेला राहतो, कारण त्या सरकण्यातूनच व्हीसीओला लागणारं जास्तीचं व्होल्टेज येतं. स्कोपवर दोन्ही लाटा लावून जनरेटर हळू फिरवला की हे डोळ्यांनी पाहता येतं.

गणितासाठी हे दोन चढ गुणायचे:

```
Kd = 10 / π               V/rad
Ko = 2π × 1000            rad/s/V
K  = Kd × Ko = 20000      1/s
```

हा वीस हजारांचा आकडा लक्षात ठेवा. फिल्टरच्या प्रत्येक गणितात तो येणार आहे.

पायरी ४: साधा फिल्टर लावून लूप कसा पकडतो ते पाहा

पॉट काढा. पिन २ पासून पिन ९ पर्यंत R3 म्हणून १०० किलोओम आणि पिन ९ पासून ग्राउंडला C2 म्हणून १० नॅनोफॅरड लावा. दोहोंचा गुणाकार, म्हणजे टाइम कॉन्स्टंट, १ मिलिसेकंद. स्कोपचा दहापट प्रोब पिन ९ वर ठेवा.

जनरेटर ८ किलोहर्ट्झवर ठेवून सुरुवात करा. लूप अजून लॉक नाही, व्हीसीओ १० च्या आसपास मोकळा फिरतो आहे. दोहोंत २ किलोहर्ट्झचा फरक आहे, त्यामुळे फेज सतत सरकत राहतो आणि डिटेक्टरची सरासरी दर सेकंदाला दोन हजार वेळा वर-खाली होते. या हेलकाव्याला बीट म्हणतात. फिल्टर हा वेगवान बीट दाबून टाकतो, म्हणून पिन ९ वर त्याची बारीकशी लाट दिसते आणि व्हीसीओ जेमतेम हलतो.

आता इनपुट सावकाश वाढवत १० च्या जवळ आणा. फरक कमी होईल तसा बीट मंद होतो. मंद बीट फिल्टरमधून जास्त आत येतो आणि व्हीसीओला जास्त हलवतो. मग लाटेचा आकार बिघडू लागतो, आणि खरी मजा इथे आहे. बीटच्या ज्या अर्ध्या भागात व्हीसीओ इनपुटच्या दिशेने सरकतो, त्या भागात फरक घटतो, म्हणून तो भाग रेंगाळतो. दुसऱ्या अर्ध्यात व्हीसीओ दूर जातो, फरक वाढतो, तो भाग झटकन संपतो. लाट एका बाजूला पसरट आणि दुसऱ्या बाजूला टोकदार होते. तिची सरासरी आता मधोमध राहत नाही, इनपुटच्या बाजूला झुकते. त्या झुकण्याने व्हीसीओ आणखी जवळ येतो, लाट आणखी पसरते, आणि एका क्षणी ती सरळ रेषा होते. लूप लॉक झाला.

हे पाहिलं की कॅप्चर रेंजचं सूत्र पाठ करावं लागत नाही. बीट फिल्टरमधून गेल्यावर त्याने व्हीसीओला जितकं हलवलं, ते अंतर मुळातल्या फरकाइतकं भरलं तर लूप पकडतो. लॉक रेंजची जी बाजू अरुंद आहे ती धरू, आपल्याकडे खालची ४ किलोहर्ट्झ. साध्या फिल्टरसाठी यातून हे येतं:

```
fc ≈ (1 / 2π) × √(2π × fL / τ)
   = (1 / 2π) × √(2π × 4000 / 0.001) ≈ 800 Hz
```

म्हणजे लूप सुमारे ९.२ ते १०.८ किलोहर्ट्झमध्ये आपणहून पकडेल, आणि एकदा पकडल्यावर ६ पासून १५ च्या जरा अलीकडेपर्यंत धरून ठेवेल. सुरुवातीचं कोडं इथे सुटलं. १२ किलोहर्ट्झवर लॉक असताना सप्लाय बंद करून चालू केलात, तर व्हीसीओ १० पासून निघतो, अंतर २ किलोहर्ट्झ असतं आणि पकड ८०० हर्ट्झचीच आहे.

सूत्र अंदाजापुरतं आहे. मोजलेला आकडा थोडा इकडेतिकडे आला तर पार्ट बदलत बसू नका.

पायरी ५: चारही कडा मोजा

जनरेटर ५ किलोहर्ट्झच्या जरा वरून अतिशय सावकाश वर न्या. लॉक जिथे लागतो तो पहिला आकडा, लॉक जिथे सुटतो तो दुसरा. मग १६ पासून खाली या. लॉक लागण्याची जागा तिसरा आकडा, सुटण्याची चौथा. पहिला आणि तिसरा मिळून कॅप्चर रेंज, दुसरा आणि चौथा मिळून लॉक रेंज. वर जाताना आणि खाली येताना वेगळ्या जागा येणं बरोबर आहे, ती मोजण्यातली चूक नव्हे.

लॉक झाल्याची खूण म्हणजे पिन ९ वरची सरळ रेषा, पण तेवढ्यावर थांबू नका. पिन ४ ची फ्रीक्वेन्सी इनपुटइतकीच आहे ना, हे मोजा. एक्सॉर हार्मोनिकवरही लॉक होतो. इनपुट ३.३ किलोहर्ट्झच्या आसपास असेल तर त्याचा तिसरा हार्मोनिक १० च्या जवळ पडतो आणि व्हीसीओ खुशाल तिप्पट फ्रीक्वेन्सीवर जाऊन बसतो. रेषा सरळच दिसते. म्हणूनच मोजणी फार खालून सुरू करायची नाही.

दुसरी खबरदारी इनपुटच्या आकाराची. एक्सॉरला दोन्ही लाटा निम्मा वेळ वर आणि निम्मा वेळ खाली अशा लागतात. अरुंद पल्सेस दिल्या तर सरासरी ० ते १० पर्यंत पोहोचतच नाही आणि लॉक रेंज आक्रसते.

पायरी ६: फिल्टर का बदलायचा

आता जनरेटरच्या एफएममध्ये चौकोनी मॉड्युलेशन लावा: मध्य १० किलोहर्ट्झ, दोन्ही बाजूंना २५० हर्ट्झ, वेग सेकंदाला २० वेळा. इनपुट ९.७५ आणि १०.२५ यांच्यात उड्या मारेल. पिन ९ वर अर्ध्या व्होल्टची स्वच्छ पायरी अपेक्षित आहे. दिसेल ते वेगळंच. प्रत्येक उडीनंतर व्होल्टेज पायरीच्या पुढे निघून जाईल, मागे येईल, पुन्हा पुढे जाईल आणि पाच-सहा हेलकाव्यांनंतर, सुमारे ८ मिलिसेकंदांनी शांत होईल.

```
ωn = √(K / τ)            = √(20000 / 0.001) ≈ 4470 rad/s  (≈ 710 Hz)
ζ  = ½ × √(1 / (K × τ))  = ½ × √(1 / 20)    ≈ 0.11
```

पहिला आकडा हेलकाव्यांची फ्रीक्वेन्सी, दुसरा त्यांचं डॅम्पिंग. ०.७ च्या आसपासचं डॅम्पिंग चांगलं मानतात, ०.११ फारच कमी आहे.

आता बहुतेकांचा हात मोठ्या कपॅसिटरकडे जातो. मोठा कपॅसिटर म्हणजे जास्त गुळगुळीत, म्हणजे हेलकावे कमी, असं वाटतं. करून पाहाच. C2 शंभर नॅनोफॅरड केला की डॅम्पिंग ०.०३५ वर येतं, हेलकावे ८० मिलिसेकंद चालतात आणि कॅप्चर रेंज २५० हर्ट्झवर घसरते. सगळंच बिघडलं. कारण फेज हा मुळात फ्रीक्वेन्सीच्या साठण्यातून तयार होतो, म्हणजे व्हीसीओने स्वतःचा एक उशीर लूपमध्ये आणलेलाच असतो. फिल्टरने त्यावर दुसरा मोठा उशीर घातला, की सुधारणा पोहोचेपर्यंत परिस्थिती उलटलेली असते.

उलट दिशेने जाऊन १ नॅनोफॅरड लावला तर डॅम्पिंग ०.३५ होतं आणि कॅप्चर रेंज अडीच किलोहर्ट्झवर जाते. पण एक्सॉरच्या २० किलोहर्ट्झच्या पल्सेस आता नीट दाबल्या जात नाहीत. पिन ९ वर सव्वा व्होल्टची त्रिकोणी लाट राहते आणि व्हीसीओची फ्रीक्वेन्सी प्रत्येक सायकलमध्ये सव्वा किलोहर्ट्झने मागेपुढे होते. तुम्हाला नुसतं लॉक दाखवायचं असेल तर चालेल. स्वच्छ आउटपुट हवं असेल तर नाही.

साध्या फिल्टरचा दोष असा की त्यात एकच आकडा हातात आहे. तो फिरवला की वेग, डॅम्पिंग, कॅप्चर आणि रिपल चारही एकदम हलतात.

पायरी ७: एक रेझिस्टर वाढवा

C2 आणि ग्राउंडच्या मध्ये R4 घाला. आता पिन ९ पासून C2, त्याच्या खाली R4, मग ग्राउंड. याला लॅग-लीड फिल्टर म्हणतात. मंद बदलांसाठी कपॅसिटर पूर्वीसारखाच काम करतो. जलद बदलांसाठी कपॅसिटर जणू नसतोच. R3 आणि R4 यांची विभागणी उरते आणि सुधारणेचा एक हिस्सा उशीर न होता थेट व्हीसीओपर्यंत पोहोचतो. डॅम्पिंग या थेट हिश्श्यातून येतं.

निवडीचा क्रम असा. आधी लूप किती चपळ हवा ते ठरवा. आपण ωn सुमारे २००० घेऊ, म्हणजे ३२० हर्ट्झ. मग:

```
τ1 = R3 × C2,   τ2 = R4 × C2
τ1 + τ2 = K / ωn²          = 20000 / 4000000   = 5 ms
τ2      = 2ζ / ωn − 1 / K  = 0.7 ms − 0.05 ms  = 0.65 ms
```

C2 सत्तेचाळीस नॅनोफॅरड, R3 शंभर किलोओम आणि R4 पंधरा किलोओम हे बाजारात सहज मिळणारं त्रिकूट आहे. या किमतींनी ωn सुमारे १९२० आणि डॅम्पिंग ०.७३ येतं. उड्यांची चाचणी पुन्हा करा. पिन ९ पायरीच्या जरासं वर जाईल आणि ३ मिलिसेकंदांच्या आत स्थिर होईल.

कॅप्चर रेंजसाठी आता साधं सूत्र चालत नाही. पायरी ४ मधलाच विचार या फिल्टरला लावला तर सुमारे ५६० हर्ट्झ येतात. आधीच्या ८०० पेक्षा कमी आहेत खरे, पण तुलना नीट करा. एवढ्याच मंद, ५.४ मिलिसेकंदांच्या साध्या फिल्टरने ३४० च मिळाले असते आणि डॅम्पिंग आणखी खाली गेलं असतं. प्रत्यक्षात हा लूप अंदाजापेक्षा जास्त दुरूनही पकडताना दिसेल, फक्त वेळ घेईल: आधी काही बीट दिसतील, ते हळूहळू एका बाजूला झुकतील, मग लॉक लागेल.

R4 ची किंमत रिपलमध्ये मोजावी लागते. पल्सेसचा तेरा टक्के भाग थेट पिन ९ वर येतो, म्हणजे १.३ व्होल्टचा चौकोन. उपाय सोपा आहे: पिन ९ पासून ग्राउंडला C2 च्या दहाव्या हिश्श्याचा, म्हणजे ४.७ नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावा. रिपल पाव व्होल्टच्या जवळ येतो आणि डॅम्पिंगला फारसा धक्का लागत नाही. त्याहून मोठा लावायचा मोह टाळा. तो कपॅसिटर थेट हिश्श्यालाच खातो आणि हेलकावे परत येतात.

पायरी ८: मागोवा किती वेगाने घेता येतो

लॉक रेंज ६ ते १५ किलोहर्ट्झ आहे, पण ती सावकाश फिरवण्यासाठी. इनपुटने उडी मारली तर हिशेब बदलतो. उडी मारल्या क्षणी फेज धावू लागतो: ५०० हर्ट्झचा फरक म्हणजे १० किलोहर्ट्झच्या प्रत्येक सायकलला १८ अंश. व्हीसीओ सावरेपर्यंत फेज एक्सॉरच्या ०-१८० च्या हद्दीत राहिला तर लूप एकही सायकल न गमावता नव्या फ्रीक्वेन्सीवर जातो. आपल्या फिल्टरने ही मर्यादा साधारण ९०० हर्ट्झच्या उडीपर्यंत आहे. त्याहून मोठ्या उडीत एखाददुसरी सायकल घसरते, आणि उडी फारच मोठी असेल तर लॉक सुटून पुन्हा कॅप्चरची वाट पाहावी लागते. एफएमची उडी वाढवत नेलीत तर पिन ९ च्या पायरीवर अचानक एक खोल खळगा दिसेल. तीच घसरलेली सायकल.

इनपुट एकसारख्या वेगाने सरकत असेल तर व्हीसीओ त्याच्या मागे थोडा रेंगाळतो. हा जास्तीचा फेज रेडियनमध्ये काढायचा तर सरकण्याच्या वेगाला ωn च्या वर्गाने भागा. १० मिलिसेकंदांत १ किलोहर्ट्झ सरकणाऱ्या इनपुटसाठी हा फरक सुमारे १० अंश येतो, तो सहज झेपतो. वेग पाचपट केला तर ५० अंश होतात, आणि लूप आधीच लॉक रेंजच्या कडेजवळ असेल तर तेवढ्याने सुटतो. ωn मोठा घेतला की ही अडचण कमी होते, पण मग इनपुटमधला गोंगाटही लूप इमानाने व्हीसीओपर्यंत नेतो. सिग्नल स्वच्छ आणि चंचल असेल तर ωn मोठा ठेवा. सिग्नल गोंगाटात बुडालेला पण स्थिर असेल तर लहान.

दुसरा डिटेक्टर कधी घ्यावा

पिन २ ऐवजी पिन १३ वापरली तर कॅप्चरचा प्रश्नच मिटतो. हा डिटेक्टर कोणाची चढती कड आधी आली ते पाहतो, त्यामुळे फ्रीक्वेन्सी कमी की जास्त हेही त्याला कळतं आणि तो व्हीसीओला त्या दिशेने ढकलतच राहतो. कॅप्चर रेंज लॉक रेंजइतकीच होते, फिल्टर कोणताही असो. हार्मोनिकवर तो बसत नाही, लाट निम्मी वर-निम्मी खाली असण्याची अट नाही, आणि लॉक झाल्यावर फेजमधला फरक जवळजवळ शून्य असतो.

मग एक्सॉर घ्यायचाच कशाला? गोंगाटासाठी. एक जास्तीची कड आली किंवा एक हरवली, तर कडा मोजणारा डिटेक्टर ती खरी मानतो आणि व्हीसीओला भलतीकडे ढकलतो. एक्सॉर सरासरीवर चालतो, त्याला तेवढ्याने फरक पडत नाही. इनपुट तुटलं तर एक्सॉरचा लूप मध्यावर, १० किलोहर्ट्झवर येऊन थांबतो. दुसऱ्या डिटेक्टरचा थेट खालच्या टोकाला, ६ किलोहर्ट्झवर जातो. रेडिओवरून किंवा लांब तारेवरून आलेला सिग्नल असेल तर मी एक्सॉर घेईन. त्याच बोर्डवरच्या क्रिस्टलपासून फ्रीक्वेन्सी बनवायची असेल तर दुसरा.

फिल्टर मात्र तसाच ठेवून पिन बदलू नका. दुसऱ्या डिटेक्टरचा चढ एक्सॉरच्या पाव आहे, म्हणून K वीस हजारांवरून पाच हजारांवर येतो. तोच फिल्टर आता ०.३४ डॅम्पिंग देतो आणि हेलकावे परत दिसतात. R4 पंधराऐवजी ३३ किलोओम केला की डॅम्पिंग पुन्हा ०.७ च्या जवळ येतं.

पिन ४ आणि पिन ३ यांच्यामध्ये दहाने भागणारा काउंटर घातला तरी असंच होतं. १ किलोहर्ट्झच्या इनपुटवरून १० किलोहर्ट्झ मिळतात, पण K दहाने भागला जातो. एक्सॉर वापरत असाल तर रिपल २० ऐवजी २ किलोहर्ट्झवर येतो, म्हणजे फिल्टरच्या दृष्टीने दहापट जवळ. अशा वेळी पायरी ३ पासून आकडे पुन्हा काढा, आणि ωn इनपुटच्या फ्रीक्वेन्सीच्या दहाव्या हिश्श्याहून बराच खाली राहील असा R3 निवडा.